अडतिसाव्या वर्षी पहिले बाळंतपण आणि ‘हाय रिस्क’ अहवाल

प्रश्न : मॅडम, माझे वय ३८ असून हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. बारावा आठवडा संपत आला आहे. डबल मार्कर या रक्ततपासणीचा अहवाल १:१६०, ‘हाय रिस्क’ असा आला. सुईने पाणी काढून तपासले तर मूल जाईल, असे सासूबाई म्हणतात आणि या वयात सिझरच होणार, असे सगळेच सांगतात. मी काय करावे?

उत्तर : तुमच्याच वयाच्या एका शिक्षिका असाच अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. त्यांचा आकडा १:१४० होता आणि लाल अक्षरांतील ‘हाय रिस्क’ हे शब्द वाचून बाळात दोष आहे असे त्यांनी धरून टाकले होते. त्यांचे यजमान उलट, १४० हा आकडा लहान म्हणजे धोकाही कमी, असे समजून निर्धास्त होते. दोन्ही वाचने चुकीची होती. अशाच गरोदर असलेल्या १४० स्त्रियांपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असण्याचा जन्मजात दोष, असेल आणि १३९ जणींच्या बाळाला तो नसेल, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० च्या आसपास रेषा आखतात आणि त्या रेषेच्या अलीकडचा प्रत्येक अहवाल ‘हाय रिस्क’ म्हणून छापतात.

हा आकडा येतो कोठून, ते मी त्यांना सविस्तर सांगितले, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे असतात. संगणकाची सुरुवात आईच्या वयापासून होते. पंचविसाव्या वर्षी डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याची शक्यता सुमारे १२५० मध्ये एक, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० मध्ये एक आणि चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० मध्ये एक असते. स्त्रीबीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात आणि वय वाढते तसे बीज पक्व होताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढते, हे त्यामागचे कारण. वयावरून मिळालेल्या या आकड्यात मग सोनोग्राफीत मोजलेली बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी, म्हणजे एनटी, आणि आईच्या रक्तातील दोन घटक यांचा हिशेब मिसळला जातो. बाईंचा एनटी १.४ मिलिमीटर होता, म्हणजे अगदी ठीक, आणि बाळाच्या नाकाचे हाडही दिसत होते. रक्तातील पॅप-ए नावाचे प्रथिन मात्र अपेक्षेच्या ०.३८ पट एवढेच होते. हीच मापे पंचविशीतल्या मुलीची असती, तर आकडा हजारात एकाच्या आसपास आला असता आणि अहवालावर ‘लो रिस्क’ छापले गेले असते. त्या ‘हाय’मध्ये वयाचा वाटा एवढा मोठा होता.

त्यानंतर त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे आणखी काहीही न तपासणे. हीसुद्धा खरी निवड आहे आणि ती करणाऱ्या जोडप्यांना मी कधी परावृत्त करत नाही. दुसरी एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तात मिसळलेल्या वारेच्या डीएनएची तपासणी. ती दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि बाळाला तिचा काहीच धोका नसतो. तिसरी अ‍ॅम्निओसेंटेसिस, म्हणजे सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुईने गर्भजल काढून बाळाच्या पेशींतील गुणसूत्रे प्रत्यक्ष मोजणे. ही पंधरावा आठवडा पूर्ण झाल्यावर करतात. त्याआधीच उत्तर हवे असेल तर अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा कण काढून तपासण्याचीही सोय आहे.

एनआयपीटी डाउन सिंड्रोमची शंभरातील जवळपास नव्याण्णव प्रकरणे पकडते आणि निरोगी बाळ चुकून ‘पॉझिटिव्ह’ दाखवण्याचे प्रमाण हजारात एक किंवा त्याहूनही कमी असते. तरीही ती चाळणीच आहे, निदान नव्हे. बाईंसारख्या १४०० स्त्रियांनी ती केली असे धरू. त्यांतील १० जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम असेल आणि त्या जवळपास सगळ्या पकडल्या जातील. उरलेल्या १३९० पैकी एखादी-दुसरी मात्र विनाकारण पॉझिटिव्ह येईल. म्हणजे या वयात पॉझिटिव्ह निकाल आठांत सात वेळा खरा ठरेल, पण एकदा खोटाही ठरेल, आणि म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर गर्भजल तपासल्याशिवाय गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. निकाल ‘लो रिस्क’ आला तर डाउन सिंड्रोमची शक्यता इतकी खाली जाते की बहुतेक जोडपी तेथेच थांबतात. एक अपवाद आवर्जून सांगते : एनटी ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असेल, किंवा सोनोग्राफीत एखादा दोष दिसला असेल, तर एनआयपीटीवर वेळ न घालवता सरळ निदानाच्या तपासणीकडे जावे, कारण तेव्हा शोध केवळ डाउन सिंड्रोमचा राहत नाही.

सुईने मूल जाईल ही भीती बाईंच्या आईलाही होती आणि ती उगाच नव्हती. पूर्वी २०० मध्ये एक असा धोका सांगितला जात असे. आज अनुभवी हातांत, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली, तपासणीमुळेच गर्भपात होण्याचे प्रमाण हजारात एक ते तीनच्या दरम्यान मानले जाते. तो धोका शून्य नाही. पण १:१४० शी तुलना केली तर दोषाची शक्यताच त्याहून मोठी दिसते. ज्यांना ‘बहुधा’ हा शब्द नऊ महिने सोसणारा नसतो, त्यांच्यासाठी ही तपासणी योग्यच असते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का, हे मात्र विचारून ठेवावे.

आठवड्यांचा हिशेब मी कागदावर लिहून दिला. एनआयपीटीला साधारण आठ-दहा दिवस लागतात. सोळाव्या आठवड्यात गर्भजल काढले तर नेमक्या गुणसूत्रांपुरता झटपट निकाल दोन-तीन दिवसांत मिळतो आणि संपूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे एकोणिसावा आठवडा उजाडतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, बाळात गंभीर दोष असल्यास चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. त्यामुळे वेळ असतो, पण ढकलत राहण्याइतका नसतो. सुईच्या तपासणीआधी तुम्हाला समजणाऱ्या भाषेतील संमतिपत्रावर सही घेतली जाते आणि त्याची प्रत तुम्हाला मिळते. बाळाचे लिंग कोणत्याही अहवालात सांगितले जात नाही आणि ते विचारूही नये.

बाईंनी एनआयपीटी निवडली आणि निकाल ‘लो रिस्क’ आला. पेढे वाटायचेच बाकी होते. मला मात्र त्यांना पुन्हा बसवून घ्यावे लागले, कारण त्या पहिल्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची ओळ अजून कोणी वाचलीच नव्हती. पॅप-ए हे प्रथिन वारेत तयार होते. गुणसूत्रे ठीक असूनही ते ०.४ पटीच्या खाली असेल, तर वार नीट रुजलेली नसण्याची शक्यता असते आणि त्यातून पुढे बाळाची वाढ खुंटणे किंवा आईचा रक्तदाब चढणे हे धोके वाढतात. पस्तिशीनंतर, त्यातही पहिल्या खेपेला, ते आधीच थोडे अधिक असतात. त्यांच्या डॉक्टरांनी सोळावा आठवडा लागण्यापूर्वी रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केले आणि अठ्ठावीस, बत्तीस व छत्तीस आठवड्यांना वाढीची सोनोग्राफी ठरवली. हे औषध मनाने घेण्याचे नाही. पण तुमच्या अहवालातील पॅप-एचा आकडा डॉक्टरांना जरूर विचारा. बाळाची अवयवरचना पाहणारी अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी एनआयपीटी चांगली आली तरी चुकवू नये, कारण हृदयाचे किंवा मणक्याचे दोष या रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत.

साखरेची तपासणी, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देणे, पहिल्या भेटीत ठीक होती. सव्विसाव्या आठवड्यात ती १५२ आली. मर्यादा १४० ची. आहार आणि जेवणानंतरचे चालणे एवढ्यावर साखर ताब्यात राहिली, इन्सुलिन लागले नाही. या वयात पहिल्या तपासणीवर विसंबून दुसरी टाळणाऱ्या मला वरचेवर भेटतात.

आता सिझरबद्दल. पस्तिशीनंतर सिझरचे प्रमाण वाढते हे खरे, पण वय हे स्वतःच सिझरचे कारण नाही. आधी पाहायचे ते हे, की किती थांबायचे. एकोणचाळीस-चाळीस आठवड्यांना बाळ पोटात दगावण्याचे प्रमाण पस्तिशीच्या आतील स्त्रियांत हजारात सुमारे एक आणि चाळिशीनंतर सुमारे दोन असते. आकडा लहान असला तरी दुप्पट असल्यामुळे मोठ्या वयात तारीख उलटू देणे डॉक्टर टाळतात. कळा आणवल्या की सिझर ठरलेलेच, ही समजूत मात्र तपासली गेली आहे. ब्रिटनमध्ये पस्तिशीपुढील, पहिलटकरीण अशा ६१९ स्त्रियांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणवलेल्या गटात सिझर ३२ टक्के आणि वाट पाहिलेल्या गटात ३३ टक्के होते.

बाईंना एकोणचाळिसाव्या आठवड्यात दाखल करून घेतले. गर्भपिशवीचे तोंड अजून कच्चे होते, म्हणून आधी जेल ठेवले आणि नंतर सलाइनमधून कळांचे औषध दिले. या सगळ्याला एक दिवस-रात्र लागू शकते, हे आधीच बोलून झाल्यामुळे बाहेर थांबलेले नातेवाईक ‘अजून कसे नाही’ म्हणत डॉक्टरांच्या मागे लागले नाहीत. सहा सेंटिमीटरपर्यंत सगळे व्यवस्थित गेले. त्यानंतर पाणी गेलेले आणि कळाही चांगल्या असूनही चार तासांत तोंड पुढे उघडले नाही, आणि सिझरचा निर्णय झाला. तो प्रगती थांबल्यामुळे झाला. पंचविशीतल्या मुलीच्या बाबतीतही त्या क्षणी तोच झाला असता. बाळाचे वजन २ किलो ६०० ग्रॅम भरले. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करायची असते, ती मात्र त्यांनी मी फोन केल्यावरच केली.

तुमचा बारावा आठवडा संपत आहे, तेव्हा या आठवड्यात एनटीचे माप आणि पॅप-ए हे दोन आकडे समोर ठेवून डॉक्टरांशी बोला. एनटी ठीक असेल तर एनआयपीटीचे रक्त लगेच देता येईल आणि निकाल पॉझिटिव्ह आला तरी गर्भजलाच्या तपासणीची वेळ हातात राहील. सासूबाईंना घेऊन आलात तर तो हजारात एक ते तीनचा आकडा मी त्यांनाही समजावून सांगेन. संमतिपत्रावरची सही मात्र तुमचीच असते.