बाराव्यातला केतू आणि माझी तारवावरची सात वर्षं

प्रश्न: मुलाच्या बाराव्या स्थानी केतू आहे. वय २१. सदा एकटा असतो, पहाटे उठून ध्यानाला बसतो, आता परदेशात नोकरीला जायचं म्हणतोय. तो संन्यास घेईल का? केतूची शांती करून घ्यावी का?

नाही घेणार. एकट्या केतूने कुणी संन्यासी होत नाही. प्रव्रज्या योगाला एकाच घरात चार किंवा त्याहून जास्त ग्रह लागतात, तेही बलवान. तसं पत्रिकेत असतं तर सांगणाऱ्याने केतूच्या आधी तेच सांगितलं असतं.

माझ्याही बाराव्यात केतू आहे, म्हणून लिहायला बसलो. जन्म जुलै १९८७, भर दुपारचा, फोंडा तालुक्यातला. तूळ लग्न, कन्येत केतू. चंद्र पुष्याच्या शेवटच्या चरणात, म्हणून जन्मवेळी शनीची महादशा जेमतेम अडीच वर्षं उरली होती. मग बुधाची १७ वर्षं, आणि २००७च्या सुरुवातीला केतूची सात वर्षं लागली. त्याच वर्षी मी तारवार चढलो. इंजिन रूममध्ये ऑइलर, नऊ-नऊ महिन्यांचं कंत्राट.

गावात सगळे म्हणाले, केतूने ओढून नेला. मामा तर आईला रडवायचे, "हा पोरगा तुझ्या हातातून गेला." मी का गेलो हे मात्र कुणी विचारलं नाही. बाबांनी काजूच्या धंद्यासाठी कर्ज काढलं होतं, धंदा बुडाला, आणि घर गहाण पडलं होतं. केतू बाराव्यात असला की राहू सहाव्यात असतोच, आणि सहावं स्थान ऋणाचं नि नोकरीचं. बारावं बघून "घर सोडणार" सांगणाऱ्याने समोरचं सहावंही वाचायला हवं होतं. माझ्या दूर जाण्याचं कारण तिथे होतं.

माझी वॉच पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ. तीनला उठून केबिनमध्ये जप करायचो. इंजिनच्या आवाजात दोन माणसांना धड बोलता येत नाही. तिथे मला एकटेपणाचा त्रास कधी झाला नाही, उलट बरं वाटायचं. हा केतूचा भाग मी मान्य करतो. बारावं शय्येचं, खर्चाचं, परक्या मुलखाचं घर. केतू तिथली ओढ काढून घेतो. मऊ अंथरूण नसलं तरी चालतं, चार माणसं नसली तरी चालतं. पण सुटलेलं मन पुढे कुठे लागेल हे केतू ठरवत नाही. ते त्याच्या राशीचा स्वामी ठरवतो. कन्या राशीचा स्वामी बुध, आणि माझा बुध मिथुनेत, नवव्यात, स्वतःच्या घरी. म्हणून ते जपाला लागलं, दारूला लागलं नाही. त्याच जहाजांवर दारूला लागलेले मी पाहिलेत.

२०११ला माझं लग्न ठरलं होतं. मामांनी मुलीकडच्यांना जाऊन सांगितलं की याच्या बाराव्यात केतू आहे, शय्यासुख नाही, हा घरी टिकणार नाही. लग्न मोडलं. २०१२ला शेवटचा हप्ता भरून घर सोडवलं, २०१४ला शुक्राची दशा लागली तेव्हा तारू कायमचं सोडलं, पुढच्या वर्षी लग्न केलं. आज दोन मुलं आहेत. अजूनही तीनला उठतो, बायकोला त्याचं काही वाटत नाही. शुक्र माझा लग्नेश, त्याची वीस वर्षं पुढे उभी आहेत हे मामांना दिसत होतं. पत्रिका त्यांच्याच हातात होती. पोरक्या भाच्यासारखं मला त्या घराच्या दारात उभं केलं, ते मी विसरलो नाही.

शांतीचं म्हणाल तर गणपतीला दूर्वा वाहा, कुळीथ दान करा, त्यात वाईट काही नाही. लसण्याच्या अंगठीवर हजारो रुपये घालू नका.

एक आधीच सांगायला हवं होतं. केतू खरंच बाराव्यात आहे का ते भावचलित मांडून बघा. लग्न चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकतं. जन्मवेळ अंदाजाने लिहिली असेल आणि केतू भावाच्या सांध्याजवळ असेल तर तो अकराव्यात किंवा लग्नातही निघेल. राशीस्वामी आठव्यात किंवा पापग्रहांत सापडला असेल तर माझं उदाहरण तुमच्या मुलाला लावू नका.

आणि मुलाची झोप बघा. लवकर झोपून पहाटे उठत असेल, जेवत असेल, विचारल्यावर उत्तर देत असेल तर ती साधना. रात्र रात्र जागून दिवसभर दार लावून पडत असेल, जेवण टाळत असेल, तर पत्रिका मिटवून मानसोपचार डॉक्टरकडे न्या. नोकरीला निघाला तर जाऊ द्या, पण कशासाठी चाललाय ते त्याला एकदा विचारा. मला घरातल्या एकानेही विचारलं नव्हतं.