मॅनिया चालू असलेल्या माणसाला घरी कसं सांभाळायचं?

"दादा 34 चा आहे, बायपोलर. चार रात्री झाल्या, जेमतेम दोन तास झोपतो, मग बाइक काढून सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जातो, दोन वाजता परततो, तिथल्या सगळ्यांचं बिल पण भरून येतो. जेवायला बसतच नाही. डॉक्टरांनी काल लिथियम आणि ओलान्झापीन सुरू केलंय, म्हणाले घरी सांभाळता येत असेल तर बघा, नाहीतर अ‍ॅडमिट करू. घरी मी, आई आणि वहिनी. नेमकं काय काय करायचं? (इंदूर)"

ताई, मी बरीच वर्षं इंदूरलाच सायकियाट्री वॉर्डात स्टाफ नर्स आहे, म्हणून वॉर्डात आम्ही जे करतो त्यातलं घरी जमण्यासारखं तेवढंच सांगते. औषधाचे डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही.

आधी रात्र धरा. मॅनियात झोप कमी होते हे सगळ्यांना दिसतं, पण उलटं पण तितकंच खरं आहे, झोप कमी झाली की मॅनिया आणखी चढतो, आणि दादाचं सध्या तेच चाललंय. लिथियमचा असर दिसायला आठवडा-दहा दिवस लागतात, ओलान्झापीन त्याआधी काम करायला लागतं आणि त्याने झोप पण येते, म्हणजे हे मधले आठ दिवस तुम्हाला काढायचेत आणि त्यात रात्रीची गोळी वेळेवर पोटात जाणं सगळ्यात महत्त्वाचं. गोळी हातावर ठेवून निघून जाऊ नका, समोर घ्यायला लावा, वर ग्लासभर पाणी द्या आणि मग पाच मिनिटं तिथेच काहीतरी बोलत बसा. गालात गोळी दाबून ठेवणारे पुष्कळ असतात आणि "तोंड उघड" म्हटलं की भांडण होतं, गप्पांत ते आपोआप कळतं.

संध्याकाळी सहानंतर घर मंद करा. ट्यूबलाइट बंद, एखादा पिवळा बल्ब, टीव्ही बंद, आणि पाहुणे तर अजिबात नकोत. (आपल्याकडे कोणी आजारी म्हटलं की मावश्या-आत्या थर्मासमध्ये चहा घेऊन हजर होतात, त्यांना फोनवरच थांबवा, वाईट वाटलं तर वाटू दे.) हा काही घरगुती नुस्खा नाहीये, नॉर्वेत 2016 मध्ये छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये मॅनियाच्या पेशंटना संध्याकाळी 6 ते सकाळी 8 निळा उजेड अडवणारे नारिंगी चष्मे घालायला दिले होते, आठवडाभर, औषधं चालू ठेवूनच, आणि नुसते साधे चष्मे घातलेल्यांपेक्षा त्यांची लक्षणं जास्त उतरली. ट्रायल छोटी होती, चष्म्याच्या मागे धावू नका, पण अंधार करायला पैसे लागत नाहीत.

चहा-कॉफी दुपारी बारानंतर बंद, कोल्ड्रिंक पण, सिगारेट ओढत असेल तर रात्री कमी. साडेनऊला गोळी, दहाला अंथरूण, झोप आली नाही तरी अंधारात पडायचं. तो म्हणेल मला झोपेची गरजच नाही, त्यावर वाद घालू नका, "बरं, नको झोपू, नुसता पड, मी पण पडते" एवढंच. दुपारी अर्धा-पाऊण तास डोळा लागला तर उठवू नका, देवपूजेला किंवा दुकानात जायला पण पहाटे उठवू नका.

आणि एक कागद भिंतीला लावा, चोवीस तासांचे चोवीस खाने, खरोखर झोपला तेवढे काळे करायचे, नुसता पडला होता ते नाही. सकाळी "झोपलास का?" विचारून लिहिलेलं काही कामाचं नसतं. आज दोन खाने, मग चार, मग पाच असं वाढत गेलं तर औषध लागू पडतंय, बाकी बडबड तशीच असली तरी. आम्ही वॉर्डात सकाळी डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगतो, काल किती तास झोपला.

आता सराफा. तुम्ही त्याला "जाऊ नको" म्हणून अडवू शकणार नाही, दारात आडवं उभं राहाल तर धक्काबुक्की होईल. बाइकच घरात नको. एखाद्या काकांकडे किंवा मित्राकडे पाठवून द्या, सर्व्हिसिंगला दिलीये म्हणा किंवा सरळ सांगा की डॉक्टरांनी गोळ्या चालू असताना चालवायला मनाई केलीये, ते खरंच आहे, ओलान्झापीनवर गुंगी असते. वहिनीची स्कूटर पण त्यात आली. फक्त किल्ली लपवून भागत नाही, मॅनियातला माणूस किल्ली शोधायला सगळं घर उलथून टाकतो आणि रात्री दोन वाजता तोच तमाशा होतो.

पैशांचं आजच करा, तो जरा शांत असेल त्या तासात, आणि त्याच्यासमोर, त्याला विचारून. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची आणि यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते, मोठी रक्कम वहिनीच्या खात्यात किंवा एफडीत, क्रेडिट कार्ड तात्पुरतं बंद, कर्ज देणारी अ‍ॅप काढून टाका. पण खिशात दोन-तीनशे रुपये राहू द्या. सगळंच काढून घेतलं तर त्याला आपण घरात कैदी आहोत असं वाटतं आणि मग तो कोणाचंही ऐकत नाही. फोन पण पूर्ण काढून घेऊ नका, रात्री नऊला चार्जिंगला आईच्या खोलीत, हा नियम सगळ्यांच्याच फोनला लावा.

गच्चीचं दार कुलूपबंद, सुऱ्या-कात्र्या नजरेआड, गॅस रात्री सिलिंडरवरून बंद. औषधांचा डबा तुमच्याकडे, कुलपात, कारण लिथियम एकदम जास्त गेलं तर जिवावर बेततं, आणि मॅनियात माणूस आनंदीच असतो असं नाही, चिडका, रडवेला, मध्येच मरायच्या गोष्टी करणारा पण असतो. दारू आणि भांग काही झालं तरी नको, "थोडी घेऊ दे, झोपेल तरी" म्हणणारा कोणीतरी भेटतोच, त्याला घरात घेऊ नका.

तो भडकला तर एकानेच बोलायचं. तिघी एकदम समजवायला लागलात की संपलं. आवाज खाली, वाक्य छोटं, दोन हात लांब उभं राहायचं, दार त्याच्या पाठीमागे मोकळं ठेवायचं. तो मोठमोठ्या योजना सांगेल, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत दुकान टाकणार, अमुक नेता पार्टनर आहे, त्याला खोटं पण पाडू नका आणि हो ला हो पण करू नका, "ते उद्या बघू, आधी दूध घेतोस की आधी गोळी?" असं दोनातलं एक निवडायला द्या. बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं नाही म्हणजे नाही. साखळीने बांधायला तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच बंदी आहे, आणि तसंही त्याने हालत बिघडतेच.

जेवणाचं. ताटावर बसवायचा हट्ट सोडून द्या. आमच्या वॉर्डात एक कापड दुकानाचे मालक होते (ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून सांगते), दिवसभर कॉरिडॉरमध्ये येरझारा, ताट समोर आलं की दोन घास आणि परत उठून चालायला लागायचे, वजन झपाट्याने उतरत होतं. मग आम्ही ताटच बंद केलं. पोळीत पनीर भुर्जी नाहीतर उसळ घालून गुंडाळी, ती हातात द्यायची, ते चालता चालता संपवायचे. खिशात शेंगदाण्याची चिक्की. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याची बाटली घेऊन मावशी, प्रत्येक फेरीला दोन घोट. बायकोला सुरुवातीला ते फार विचित्र वाटलं, पण वजन उतरायचं थांबलं.

तुम्ही दर दोन तासांनी काहीतरी हातात द्या: उकडलेली अंडी, केळं, चिकू, शेंगदाण्याचा लाडू, भाजीचा पराठा तूप लावून, साबुदाणा वडा. पोहे नकोत असं नाही, पण चमचा-प्लेट आली की तो खाली ठेवून विसरतो. विचारू नका "खाणार का?", उत्तर "भूक नाही" असंच येतं, त्याला भूक जाणवतच नाही. नुसतं हातात द्या आणि दुसरं बोलत राहा. झोपताना दूध. आठवड्यातून दोनदा वजन, एकाच काट्यावर, सकाळी.

आता पाणी, आणि हे लिथियममुळे नीट वाचा. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते, रक्तात ते वाढतं आणि विषारी होतं. दिवसभर फिरणारा, घामाघूम होणारा, पाणी प्यायचं भान नसलेला माणूस आणि त्यात इंदूरचा मे महिना, म्हणजे धोका दुप्पट. दिवसाला अडीच-तीन लिटर जाईल असं बघा, पाणी, ताक, लिंबू सरबत मीठ घालून. (हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.) जेवणातलं मीठ नेहमीसारखंच ठेवा, बीपी-बीपी करून एकदम कमी करू नका, सध्या उपास पण नको. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. डोकं किंवा पाय दुखले तर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलवरून आणून देऊ नका, त्यांनी पण लिथियम वाढतं, पॅरासिटामॉल चालते.

हात किंचित थरथरणं लिथियमवर असतं. पण थरथर इतकी वाढली की कप धरता येईना, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होऊन बोबडं बोलणं, नको तितकी सुस्ती, यातलं काही दिसलं तर पुढची लिथियमची गोळी देऊ नका आणि त्याच वेळी इमर्जन्सीत न्या, उद्याची वाट बघू नका. गोची अशी की घरचे सुस्ती बघून म्हणतात "चला, शांत झाला एकदाचा". रक्तातल्या लिथियमच्या लेव्हलची टेस्ट साधारण पाच-सात दिवसांनी सांगतील, रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री 9 ची गोळी तर सकाळी 9 ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. अ‍ॅक्यूट मॅनियात लेव्हल साधारण 0.8 ते 1.2 mEq/L च्या मध्ये ठेवतात, 1.5 च्या वर काळजीचं.

आणि घरी कधीपर्यंत? गोळ्या पोटात जाऊनही सलग दोन रात्री तीन तासांच्या खाली झोप, किंवा गोळीच घेत नाही, दिवसभर पाणी-अन्न नाकारतो, हात उचलला, मरायचं बोलला, आवाज ऐकू येतायत म्हणाला, यातलं एक जरी झालं तरी अ‍ॅडमिट करा. तो "मला काही झालंच नाही" म्हणेल, पण माणसाला गंभीर धोका असेल तर नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हने, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाने, अर्ज करून अ‍ॅडमिशन होऊ शकतं, त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 89, दोन तज्ज्ञ तपासून ठरवतात, आधी जास्तीत जास्त 30 दिवस. इथे बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, कुठे न्यायचं ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, कागदपत्रं आणि गोळ्यांची पट्टी एका पिशवीत तयार. रात्री काही सुचेना तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट. अंगावर धावून आला तर वाट बघायची नाही, 112.

तुम्ही तिघी आहात तर रात्रीचे दोन भाग करा, दहा ते दोन आणि दोन ते सहा, तिसरीने पूर्ण झोपायचं, रोज आलटून पालटून. आईला दोन ते सहा देऊ नका. दादाच्या चोवीस खान्यांखाली तुमच्या तिघींची नावं पण लिहा.