जहाज बुडवण्याच्या खेळातून बिंदू मांडायला शिकवणे

प्रश्न: खानापूरकडच्या शाळेत सातवीची मुलं चौकटीच्या वहीवर जहाज बुडवायचा खेळ खेळतात, तरी (3, 6) हा बिंदू (6, 3) वर मांडतात. काय करू?

उत्तर: जहाजं घरात न काढता रेषा छेदतात त्या बिंदूंवर ठेवायला लावा आणि दोन्ही अक्षांवर अंकच लिहा. नेहमीच्या खेळात ‘ब 4’ म्हटलं की अक्षर आणि अंक वेगळे असतात, त्यामुळे क्रम पाळायची गरजच पडत नाही. बेळगावात शिकवणीला येणाऱ्या मुलांची गाडी इथेच अडते. जहाज (2, 6), (3, 6), (4, 6) वर असेल आणि ‘तीन, सहा’ ऐकून समोरच्याने (6, 3) वर फुली मारली, तर नेम बसूनही ‘हुकला’ असं उत्तर येतं. म्हणून दोघांनीही प्रत्येक नेम लिहून ठेवायचा आणि डावानंतर वह्या जुळवायच्या. (4, 4) वर मात्र ही चूक दिसतच नाही, तेव्हा सुरुवातीला असे बिंदू टाळा. ऋण अंक क्रम पक्का झाल्यावरच आणा.