'एकटाच' नको, 'एकट्याने' लिहा

प्रश्न: नोकरीसाठी सांगलीत येऊन तीन आठवडे झालेत, ओळखीचं कोणी नाही. परवा वाढदिवस आहे, एकटाच असणार. फोटोखाली काय लिहू, म्हणजे मजेत आहे हे कळेल आणि लोक 'बिचारा' म्हणणार नाहीत?

उत्तर: आधी तो 'च' काढून टाका. 'एकटाच होतो' वाचलं की माणसाच्या तोंडून आपोआप 'अरेरे' निघतं. 'एकट्याने गड चढलो' वाचलं की तो विचारतो, 'किती वेळ लागला?' हे मी अनुभवाने सांगतेय.

मी परभणीची. बदली होऊन साताऱ्यात आले आणि महिन्याभरातच, जुलैमध्ये, वाढदिवस आला. रविवार होता. पहाटे पाऊस थांबलेला बघून निघाले, चार भिंती स्मारकापाशी थोडं टेकले आणि मग अजिंक्यताऱ्यावर गेले. यवतेश्वरचा डोंगर अर्धा ढगात होता, खाली सगळ्या शहराची छपरं ओली चकचकीत. तासभर नुसती बसून राहिले. उतरल्यावर पाव किलो कंदी पेढे घेतले. खवा चांगला खरपूस भाजलेला, अजून कोमट. दोन तिथेच उभ्याने खाल्ले. इतका छान वाढदिवस मला आठवत नाही.

खोलीवर आले आणि किल्ल्यावरच्या फोटोखाली लिहिलं: 'नवीन शहर, ओळखीचं कोणी नाही, तरीही आनंदात. एकटीच, पण स्वतःसाठी पुरेशी.'

अर्ध्या तासात आईचा फोन, आवाज भरलेला. मग मावशीचा: 'अगं, आपल्या शेजारणीची नणंद साताऱ्यात असते, तिला पाठवू का तुझ्याकडे?' खाली कमेंटमध्ये रडके चेहरे आणि 'काळजी घे'. मला राग आला होता, पण दुपारी ती ओळ पुन्हा वाचली तेव्हा कळलं की लोकांचं काही चुकलं नव्हतं. त्यात किल्ला नव्हता, पेढे नव्हते, पाऊस नव्हता. होतं ते फक्त काय नाही त्याबद्दल. 'तरीही' म्हटलं की दुःखाला कारण होतं हे आपणच कबूल करतो. 'पुरेशी' हे तर कोणी न केलेल्या आरोपाला दिलेलं उत्तर.

इन्स्टाग्रामवर मजकूर नंतर बदलता येतो. फोटो तोच ठेवला आणि लिहिलं: 'सकाळी अजिंक्यतारा, उतरल्यावर पाव किलो कंदी पेढे. वाटेकरी कोणी नाही!' संध्याकाळपर्यंतच्या कमेंट: 'दोन तरी ठेव गं', 'वरपर्यंत गाडी जाते का?', 'कुठल्या दुकानातले?' ओळ जमली की नाही ते यावरूनच ओळखायचं. लोक पेढ्यांबद्दल विचारत असतील तर जमली. तुमच्या तब्येतीबद्दल विचारत असतील तर कुठेतरी 'तरीही' किंवा 'पण' राहिलाय. 'वाटेकरी कोणी नाही' मध्येही कोणी नाहीच आहे, पण तिथे तो माझा फायदा आहे.

तुमच्याकडे तर सांगली आहे. गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट, आयर्विन पूल, भडंग. त्या दिवशी जे खरंच कराल तेच लिहा, न केलेलं नको. समजा, संध्याकाळी घाटावर गेलात: 'गणपतीला नमस्कार, मग घाटावर भडंगाचा अख्खा पुडा. वय एकने वाढलं, भडंग संपलं.' किंवा नुसतं: 'वाढदिवस आयर्विन पुलावरून चालत साजरा केला. कृष्णा साक्षीला होती.' दोन ओळींपेक्षा लांबवू नका. लांबलं की फीडमध्ये फक्त सुरुवात दिसते, आणि समजावणं सुरू होतं ते नेहमी तिसऱ्या ओळीपासून.

माझ्या ताईचं मत वेगळं. ती अजूनही म्हणते, 'खरंच मजेत असलेलं माणूस जगाला सांगत बसत नाही. फोटो टाकलास म्हणजे कोणीतरी हवं होतं.' हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चाळीस माणसांच्या पंगतीचा फोटो ती स्वतः टाकते, तेव्हा 'सांगायची काय गरज' असं तिला कोणी विचारत नाही. दहाजण मिळून किल्ल्यावर गेले तर तो आनंद आणि मी गेले तर ती तक्रार, हा कुठला हिशेब? मला त्या सकाळी कोणीही नको होतं. पेढे मात्र सगळ्यांना दाखवायचे होते. दोन्ही खरं असू शकतं, ताई.

एक राहिलं. फोटो खोलीवर परतल्यावर टाका. नव्या शहरात आपण आत्ता कुठे आहोत आणि सोबत कोणी नाही, हे त्याच क्षणी सगळ्यांना कळवू नये. मी मुलगी म्हणून जास्त जपते, पण तुम्हीही जपा. आणि त्या दिवशी मन खरंच जड असलं तर फोटो राहू द्या, घरी फोन करा. अशा दिवशी कितीही जपून लिहिलं तरी 'तरीही' शिरतोच.