नवरात्र सरकलं की ऑगस्ट बदलतो

"सर, फाइन आर्ट्समधून पास होऊन तीन वर्षं झाली, घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं करते. गरब्याचे पास आणि बॅनर, लग्नाच्या कंकोत्र्या, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, ब्रोशर, कॅलेंडर. गेल्या ऑगस्टमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले, आणि दिवाळीनंतर महिनाभर हात रिकामे. घाबरून नोव्हेंबरात अर्ध्या दरात एक कॅटलॉग घेतला, तो फेब्रुवारीत मार्चच्या कामांवर येऊन आदळला. बाबा म्हणतात, नोकरी धर. मला काम आवडतं, पण पुढचा महिना कसा जाणार तेच कळत नाही. तिन्ही वर्षांची बिलं जोडली आहेत."
— दांडिया बाजार, वडोदरा

तुझी बिलं मी दोनदा वाचली आणि मग तुला फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या तारखा काढायला लावल्या. ते का, हे आधी सांगतो. बिलावर काम संपल्याची तारीख असते. मागणी त्याच्या कितीतरी आधी दारात आलेली असते आणि पैसे कितीतरी नंतर येतात. म्हणून प्रत्येक कामासमोर तीन तारखा हव्यात: पहिली विचारणा कधी आली, छापखान्याला फाइल कधी दिली, पैसे खात्यात कधी पडले. पहिली व्हॉट्सअ‍ॅपवर सापडते, दुसरी ईमेलमध्ये आणि तिसरी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. आणि जी कामं तू नाकारलीस, तीही लिही. ती बिलात कुठेच नाहीत, पण मागणी तर होतीच. तू फोनवर सहज म्हणालीस, की मार्च २०२५ मध्ये तीन जणांना नाही सांगितलं. बिलं पाहून मला वाटलं होतं, की मार्च बेताचाच गेला.

आता गरब्याची कामं घे. पहिली विचारणा २०२३ मध्ये १९ ऑगस्टला आली, २०२४ मध्ये १० ऑगस्टला, २०२५ मध्ये २८ जुलैला. इंग्रजी महिन्यांच्या तक्त्यात हे मांडलं तर काहीच नेम दिसत नाही, आणि म्हणूनच गेल्या वर्षी 'अजून वेळ आहे' असं समजून तू जुलैअखेरीस मावशीकडे पुण्याला गेलीस. त्याच तारखा घटस्थापनेपासून मागे मोजून बघ. घटस्थापना २०२३ मध्ये १५ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. विचारणा आली ती अनुक्रमे ५७, ५४ आणि ५६ दिवस आधी. म्हणजे आयोजक दर वर्षी आठ आठवडे आधीच जागे होतात. महिना बदलतो, अंतर बदलत नाही.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचे सगळे सण मागच्या वर्षापेक्षा उशिरा येतात. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. आठ आठवडे मागे मोजलेस की १६ ऑगस्ट. तिथे पेन्सिलीने खूण कर.

आता दुसरं पंचांग. वार्षिक अहवालाची तारीख चंद्रावर ठरत नाही. मार्चअखेर वर्ष संपवणाऱ्या कंपनीला ३० सप्टेंबरच्या आत भागधारकांची वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि तिची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी द्यावी लागते. अहवाल त्या नोटिशीबरोबर जातो. म्हणून मकरपुऱ्याच्या आणि नंदेसरीच्या तुझ्या दोन्ही कंपन्या जुलैच्या मध्यावर आकडे पाठवायला लागतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत छापील प्रत मागतात. दर वर्षी हेच, यात फरक पडत नाही.

एक पंचांग खिळ्यासारखं ठोकलेलं आणि दुसरं सरकणारं. २०२५ मध्ये नवरात्र इतकं लवकर आलं, की गरब्याचं काम अहवालांच्या डोक्यावरच बसलं. तू ऑगस्टमध्ये रात्री जागवल्यास त्याचं कारण एवढंच आहे. काम वाढलं नव्हतं. मी तुझे तास जोडून पाहिले, २०२३ आणि २०२५ च्या गरबा आणि अहवाल या कामांचे तास जवळपास सारखे आहेत. २०२३ मध्ये ती एकामागून एक आली, २०२५ मध्ये एकदम आली. तुझ्या वेगात किंवा शिस्तीत दोष शोधू नकोस, तिथे तो नाही.

यंदा ही दोन्ही कामं बरीचशी वेगळी होतील. पण दुसरीकडे गाठ पडणार आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. आपल्याकडे त्यानंतर लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, पेढ्या, कारखाने, छापखाने सगळं बंद. कारागीर गावाहून परतून मशीन नीट सुरू होईतो नोव्हेंबरचा मध्य उलटतो. इंग्रजी नवीन वर्षाच्या कॅलेंडर-डायऱ्यांची फाइल तुझा छापखाना नोव्हेंबरअखेर मागतो. गेल्या वर्षी लाभपाचम ते नोव्हेंबरअखेर तुला पाच आठवडे मिळाले होते, यंदा जेमतेम दोन. कॅलेंडरवाल्या ग्राहकांना दिवाळी झाल्यावर आठवण होते, त्यांची ती सवय आहे. तू त्यांची वाट पाहू नकोस. दसरा २० ऑक्टोबरला आहे, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन कर आणि फोटो, सुट्ट्यांची यादी, लोगो दिवाळीच्या आधी मागून घे. मजकूर हातात असला, की बंद असलेल्या त्या आठवड्यात तुझं निम्मं काम घरी बसून होतं. रिकामा आठवडा आणि गर्दीचा आठवडा शेजारी-शेजारी असतात तेव्हा ग्राहकाला थोडं अलीकडे ओढणं हाच एक उपाय हातात असतो. सणाची तारीख काही आपल्यासाठी हलत नाही.

कंकोत्र्यांचंही याच नजरेने पाहा. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, त्यामुळे यंदा मेअखेरच्या आणि जूनच्या पूर्वार्धातल्या लग्नांच्या ज्या कंकोत्र्या एप्रिलमध्ये यायच्या, त्या येणार नाहीत. तेव्हा ग्राहक तुटले असं समजून दर पाडू नकोस. हंगाम सरकला की ग्राहक गेले, हे ओळखायची सोपी खूण आहे. जुने ग्राहक 'सध्या मुहूर्त नाही' म्हणत असतील तर हंगाम सरकला आहे. मुहूर्त आहे, लग्न आहे आणि कंकोत्री दुसरीकडे छापली गेली, तर प्रश्न तुझ्या दराचा, कामाचा किंवा संपर्काचा आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

नोव्हेंबरातल्या त्या कॅटलॉगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुझी खरी चूक तिथे झाली. तो तू ११ नोव्हेंबरला घेतलास. त्या दिवशी तुझ्या खात्यात १ लाख १२ हजार रुपये होते आणि तुझा महिन्याचा खर्च २२ हजार आहे, म्हणजे पाच महिन्यांची सोय होती. अहवालांचे पैसे ऑक्टोबरात आले होते, गरब्याची उरलेली अर्धी रक्कमही येऊन पडली होती. काम मंद होतं, खातं भरलेलं होतं. तुझं खातं खरं आटतं ते जुलैत. मार्चच्या बिलांचे पैसे मे-जूनमध्ये येऊन संपतात, अहवालाचं काम चालू असतं पण बिल व्हायला अजून दीड-दोन महिने असतात. गेल्या वर्षी १४ जुलैला तुझ्याकडे १९ हजार उरले होते, आणि कामात बुडालेली असल्यामुळे तुला त्याची भीतीही वाटली नाही. भीती वाटायला हवी होती जुलैत, वाटली नोव्हेंबरात.

त्यावर दोन गोष्टी कर. मे महिन्यात पैसे आले, की त्यातले ४४ हजार बाजूला टाक, ते जून-जुलैचे. आणि अहवालाच्या कामाला तीस टक्के रक्कम आगाऊ माग, आकडे हातात आल्याच्या दिवशी. गरब्याचे आयोजक अर्धे पैसे आधी देतात, मग कंपन्यांकडे तू कधी मागितलेच नाहीस हे मला पटलं नाही.

शिवाय उद्यम नोंदणी करून घे. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आणि तो क्रमांक बिलावर छाप. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतो. हिशेब विभागाला हे पक्कं माहीत असतं, म्हणून मार्चअखेर अशी बिलं आधी निघतात. ग्राहकाशी भांडायची गरज पडत नाही, क्रमांक दिसला तरी पुरतं.

मंद दिवसांत कमी दराने काम घ्यायला माझी ना नाही. पण कमी दर हा त्या दिवसांचा दर आहे, ग्राहकाचा नव्हे. पंपांच्या त्या कॅटलॉगचे फोटो आले फेब्रुवारीत, म्हणजे तू रिकाम्या नोव्हेंबरचा दर लावून भरलेला फेब्रुवारी विकलास. पुढच्या वेळी दरपत्रकावर एक ओळ लिही: सर्व मजकूर आणि फोटो १५ डिसेंबरपर्यंत मिळाल्यास हा दर लागू, त्यानंतर नेहमीचा दर आणि काम एप्रिलमध्ये. मार्चमध्ये कंपन्यांना उरलेलं बजेट ३१ तारखेच्या आत खर्च करायचं असतं, त्यामुळे तिथे तुझा पूर्ण दर मिळतो. तो महिना स्वस्तात गुंतलेला नको.

तीन वर्षं म्हणजे प्रत्येक सणाचे तीनच दाखले, हे लक्षात ठेव. गरब्याच्या तारखा इतक्या जुळल्या कारण ते काम चार वेगवेगळ्या आयोजकांकडून येतं. अहवालांचं काम दोनच कंपन्यांवर उभं आहे. त्यातली एक गेली, तर तक्त्यातला जुलै-ऑगस्ट अर्धा कोरा होईल आणि त्याला हंगाम म्हणता येणार नाही. तिसरी कंपनी मिळवायचा प्रयत्न मेमध्ये कर. जूनमध्ये त्यांचं ठरलेलं असतं.

बाबांना वर्षाची बेरीज दाखवून उपयोग नाही, ती त्यांना माहीत आहे. त्यांना १४ जुलैचा आकडा दाखव, आणि यंदाच्या १४ जुलैला तो किती असेल ते आधी लिहून दे. ४४ हजार बाजूला टाकूनही तो वीस हजारांच्या खाली गेला, तर आठवड्यातले तीन दिवस एखाद्या स्टुडिओत काम धरण्याबद्दल आपण बोलू. मला तरी ती वेळ येईल असं तुझ्या तारखांवरून वाटत नाही.

आणि १६ ऑगस्टच्या आसपास गरब्याची पहिली विचारणा आली, की कोणत्या तारखेला आली ते मला कळव.