पीएचडीच्या ऑफरला हो म्हणण्याआधी: प्रोफेसर आणि लॅब कशी पारखावी

«ताई, मी माटुंग्याच्या आयसीटीतून एम.टेक. करतेय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंगच्या पीएचडीची ऑफर आली आहे. प्रोफेसर झूमवर खूप छान बोलले, पण आठवड्याभरात उत्तर द्या म्हणाले. लॅबमधल्या मुलांशी बोलून घे असं सगळे सांगतात. त्यांना नेमकं काय विचारू? आणि माणूस कसा आहे हे इथून कसं ओळखायचं?»

आधी घाईचं बघू. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या एका ठरावावर सह्या केल्या आहेत. त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नसते. तुझं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते काउन्सिलच्या संकेतस्थळावर दिसेल. असेल, तर प्रोफेसरांना नम्रपणे लिही की मी विचार करतेय आणि १५ एप्रिलच्या आत कळवते. त्यावर ते काय म्हणतात ते नीट वाच. "अवश्य, काही शंका असतील तर विचार" असं आलं तर उत्तम. "मग जागा दुसऱ्याला देतो" असं आलं, तर पुढची पाच वर्षं सुट्टी मागताना काय ऐकायला मिळेल त्याची झलक आत्ताच मिळाली असं समज.

हे एवढं का तपासायचं? तिथे गाईडच्या हातात फक्त तुझा प्रबंध नसतो. रिसर्च असिस्टंटशिप त्याच्या ग्रँटमधून येते, आणि तुझा पगार, ट्यूशनची माफी, बहुतेकदा विमासुद्धा तिच्यावरच चालतो. एफ-१ व्हिसावर बाहेर मनासारखी नोकरी धरता येत नाही. त्यामुळे संबंध बिघडले, तर अमेरिकन विद्यार्थ्याला जेवढ्या वाटा मोकळ्या असतात तेवढ्या आपल्याला नसतात. हे ओळखून वागणारे प्रोफेसर खूप आहेत. याचाच फायदा घेणारेही आहेत, आणि झूमवर दोघंही सारखेच गोड बोलतात.

म्हणून कोणालाही फोन करण्याआधी एक संध्याकाळ कागदपत्रांना दे. web.archive.org उघड, लॅबच्या संकेतस्थळाचा पत्ता टाक आणि पाच-सहा वर्षांपूर्वीचं माणसांची यादी असलेलं पान काढ. तेव्हाच्या पीएचडी विद्यार्थ्यांची नावं वहीत उतरव आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते शोध. समज, सहा नावं निघाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर तिघांचे प्रबंध सापडले. त्यावर साल असतं, म्हणजे किती वर्षं लागली ते कळलं. चौथा त्याच विभागात दुसऱ्या प्रोफेसरकडे दिसतो. उरलेल्या दोघांचा प्रबंध कुठेच नाही, लिंक्डइनवर मात्र त्याच विद्यापीठाची मास्टर्स दिसते आणि नंतर नोकरी. म्हणजे पीएचडीला आलेले दोघं मास्टर्स घेऊन बाहेर पडले. लॅबच्या आजच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत लॅब सोडून गेलेल्या या तिघांची नावं आहेत का बघ. नसतील, तर ती गोष्ट मी फार गंभीरपणे घेईन. एखादा चांगल्या नोकरीसाठी जातो, एखादा क्वालिफायिंग परीक्षेत अडकतो, हे सगळीकडे होतं. पण सहापैकी तिघं गेले आणि त्यांची नावंही पुसली गेली, याचा खुलासा कोणीतरी करायला हवा.

तो खुलासा गेलेल्यांकडूनच घे. लिंक्डइनवर दोन ओळी लिही: मला या ग्रुपची ऑफर आहे, पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का, तुमचं नाव कुठेही येणार नाही. ते आता कोणावर अवलंबून नाहीत, म्हणून मोकळं बोलतात. एखादा फारच कडवट बोलला तर त्याची मतं बाजूला ठेव आणि त्याने सांगितलेल्या घटना तेवढ्या लिहून घे. तीच घटना दुसऱ्याकडूनही ऐकायला आली तर ती खरी धर.

आता लॅबमधल्या मुलांबद्दल. ईमेलवर विचारू नकोस, लेखी कोणी खरं लिहीत नाही. आणि प्रोफेसरने ठरवून दिलेल्या एकाच विद्यार्थ्यावर थांबू नकोस. तीन जणांशी बोल: एक नवा, एक चौथ्या-पाचव्या वर्षाचा, एक पोस्टडॉक. प्रत्येकाशी एकटं, फोनवर. लॅबमध्ये मराठी किंवा भारतीय सीनियर असेल तर त्याच्याशी बोलच, पण त्याचा व्हिसाही त्याच दोरीला बांधलेला आहे हे लक्षात ठेव.

"सर कसे आहेत?" हा प्रश्न फुकट जातो. उत्तर येतं, "चांगले आहेत, थोडे बिझी असतात." मत विचारण्याऐवजी शेवटची घडलेली गोष्ट विचार. तू भारतात शेवटची कधी गेलीस, किती दिवस, आणि ते दिवस कोणी ठरवले? गेल्या शनिवारी लॅबमध्ये कोण होतं आणि कशासाठी? शेवटचा पेपर सरांकडे दिल्यावर दुरुस्त्या किती दिवसांनी आल्या? त्यावर पहिलं नाव कोणाचं लागलं आणि ते कधी ठरलं? प्रयोग महिनाभर फसत होता तेव्हा ग्रुप मीटिंगमध्ये काय झालं? एकाच प्रॉब्लेमवर दोघांना वेगवेगळं लावलंय, असं कधी झालंय का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो, जो आधी करेल त्याचा पेपर" असं आलं, तर त्या लॅबमध्ये मुलं एकमेकांपासून डेटा लपवत असणार. मी स्वतः तिथे जाणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने असाच सुट्टीचा प्रश्न विचारला. पलीकडचा सीनियर तोपर्यंत भरभरून बोलत होता. तो थांबला, आणि म्हणाला, "बहिणीच्या लग्नाला चार दिवस गेलो होतो. लॅपटॉप घेऊन." मग लगेच, "पण सर फार हुशार आहेत हं." तक्रारीचा एक शब्दही नव्हता, तरी तिला हवं ते कळलं. तू अशा थांबण्याकडे कान दे. "इथे खूप स्वावलंबी व्हायला शिकतो" असं कोणी म्हटलं की विचार: गेल्या महिन्यात सरांशी एकटं बसून किती वेळा बोललास? गाईड महिनोन्‌महिने भेटतच नाही, हाही धोकाच आहे, आणि आरडाओरडा नसल्यामुळे तो उशिरा लक्षात येतो.

प्रोफेसर नवीन असेल तर जुनी पानं आणि प्रबंध मिळणार नाहीत. मग तो स्वतः पीएचडी आणि पोस्टडॉकला होता तेव्हा ज्यांना त्याने काम शिकवलं, त्यांना विचार. त्याच्या जुन्या पेपरांवर ती नावं सापडतात. असिस्टंट प्रोफेसरच्या टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम होण्याचा, निर्णय साधारण सहाव्या वर्षी होतो, तो तुझ्या पीएचडीच्या मध्ये येतो का हे मोजून ठेव. नाकारला गेला तर त्याला विद्यापीठ सोडावं लागतं.

राहिला पैसा. ऑफर लेटरमध्ये "समाधानकारक प्रगती असेल तर पाच वर्षं" असं बहुधा लिहिलेलं असेल. ही प्रगती एकटा गाईड ठरवतो की समिती, आणि ग्रँट संपली किंवा मला गाईड बदलावा लागला तर विभाग टीचिंग असिस्टंटशिप देतो का, हे दोन प्रश्न प्रोफेसरला नाही, विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेलने विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील. त्याच विभागात तुझ्या विषयाच्या जवळचं काम करणारा आणखी एकतरी प्रोफेसर आहे ना, तेही बघ. वर सांगितलेला चौथा विद्यार्थी पीएचडी न सोडता दुसरीकडे जाऊ शकला, कारण त्याला घेणारा माणूस त्याच इमारतीत होता.