हेडलाइनमध्ये टॅली आहे, तुम्ही कुठे आहात?

“सर, मी दोन वर्षांपासून फ्रीलान्स अकाउंटंट म्हणून काम करतोय. लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये जीएसटी, टीडीएस, टॅली, एक्सेल असं येतं ते सगळं लिहिलंय. तरी फोन येतात ते नोकरीचे, वीस-बावीस हजार पगाराचे. क्लायंट एकही नाही. हेडलाइनमध्ये लिहू तरी काय?”

गेल्या वर्षी नाशिकच्या एक ताई याच कारणासाठी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचीच हकीकत सांगतो, तुमचं उत्तर त्यातच आहे. एम.कॉम., एका कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी, मग मुलीच्या शाळेमुळे नोकरी सोडून घरून काम. हातात चार क्लायंट, चारही अंबड एमआयडीसीतले, मशीनिंगची छोटी वर्कशॉप्स. त्यांची हेडलाइन अशी होती:

Freelance Accountant | M.Com | GST | TDS | Tally Prime | Advanced Excel

मी म्हटलं, “ताई, ही यादी कुणासाठी आहे?” त्या म्हणाल्या, “क्लायंटसाठीच की.” पण अशी यादी वाचायची सवय क्लायंटला नसते, ती असते एचआरवाल्यांना. उमेदवाराला टॅली येतं का, टीडीएसचं रिटर्न भरता येतं का, हे तेच तपासतात. म्हणून फोनही त्यांचेच येत होते. त्यात प्रोफाइल फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’चं हिरवं वर्तुळ. ते नोकरी शोधणाऱ्यांसाठी असतं. सेवा देणाऱ्यांसाठी त्याच ‘ओपन टू’च्या बटणाखाली ‘प्रोव्हायडिंग सर्व्हिसेस’ असा वेगळा पर्याय आहे. ते वर्तुळ आम्ही पहिल्या पाच मिनिटांत काढलं.

हेडलाइन मात्र पाच मिनिटांत होत नाही. मी त्यांना लिहायला सांगितलंच नाही. म्हटलं, “गेल्या महिन्यात कुठल्या तारखेला काय केलं ते सांगा.” एक ते चार बँक एंट्र्या, सातच्या आत टीडीएस भरणं, वीसच्या आत ३बी. हे सगळेच अकाउंटंट सांगतात. मग त्या सहज म्हणाल्या, “आणि आठ, नऊ, दहा तारखेला मला फोन करू नका हं. तेव्हा मी लोकांच्या मागे लागलेली असते.”

“कुणाच्या?”

“माल देणाऱ्यांच्या. बिलं चढवली का म्हणून.”

हे नीट समजून घ्यायला मी त्यांना एक उदाहरण करून दाखवायला सांगितलं. समजा वर्कशॉपवाल्याने स्टीलचे बार घेतले दोन लाखांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,००० रुपये त्याने पुरवठादाराला दिले. त्याच महिन्यात त्याच्या स्वतःच्या विक्रीवर ५४,००० जीएसटी झाला. हिशेबाने त्याला ५४ मधून ३६ वजा करून १८,००० भरायचे. पण हे ३६,००० वजा करायला मिळतात ते पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये ते बिल दाखवलं असेल तरच. दरमहा भरणाऱ्यांना त्याची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं आणि त्या महिन्यात किती क्रेडिट मिळणार ते त्यात दिसतं. पुरवठादाराने बाराव्या-तेराव्या दिवशी रिटर्न भरलं, तर बिल पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये जातं. आणि वीस तारखेला आपला वर्कशॉपवाला १८,००० ऐवजी ५४,००० भरतो. पैसे बुडत नाहीत, पुढे मिळतात. पण त्या महिन्याच्या पगाराला हात लागतो.

“बरेच जण चौदाला २बी काढतात आणि मालकाला सांगतात, बिल आलं नाही,” ताई म्हणाल्या. “चौदाला सांगून काय उपयोग? तोवर वेळ गेलेली असते. मी आठपासून २ए उघडून बसते. कुणाचं बिल दिसत नाही ते बघते आणि त्याच्या अकाउंटंटला फोन लावते.”

मी विचारलं, “हे तुमच्या प्रोफाइलवर कुठे आहे?”

त्या हसल्या. “हे काय लिहायचं सर? हे तर करावंच लागतं.”

इथेच बहुतेकांची गाडी अडते. जे आपण रोज करतो ते आपल्याला काम वाटत नाही, आणि जे सर्टिफिकेटवर छापलेलं असतं ते मोठं वाटतं. मी त्यांना क्लायंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज काढायला सांगितले. चारही मालकांनी मिळून वर्षभरात ‘टॅली’ हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. लिहिलं होतं ते असं: “मॅडम या महिन्यात एवढं कसं भरायचं?” “त्या स्टीलवाल्याचं क्रेडिट आलं का?” “मागचं अडकलेलं सुटलं का?” अडकलेलं. हा शब्द चौघांच्याही मेसेजमध्ये होता. मी तो कागदावर लिहून ठेवला.

त्या घरी जाऊन हेडलाइन लिहून आल्या. पहिला मसुदा होता, ‘उद्योजकांच्या स्वप्नांना आर्थिक बळ देणारी सोबती’. कुणा मार्केटिंगवाल्याच्या व्हिडिओचा परिणाम असावा. मी तो मोठ्याने वाचला आणि त्यांना विचारलं, “ही बाई कर्ज देते, विमा विकते की म्युच्युअल फंड?” त्यांनाच हसू आवरेना. त्यात ‘अकाउंटंट’ हा शब्दच नव्हता. शोधणारा माणूस शोधाच्या चौकटीत ‘अकाउंटंट’ किंवा ‘जीएसटी’ असंच टाइप करतो, ‘सोबती’ कोण टाइप करणार?

दुसरा मसुदा होता, ‘तुमचा जीएसटी वाचवते’. हा जास्त धोक्याचा. क्रेडिट मालकाच्या हक्काचंच असतं, त्यात ताई काही वाचवत नाहीत. पुरवठादाराने रिटर्न भरलंच नाही तर कितीही फोन केले तरी ते येत नाही. आणि ‘वाचवते’ वाचून नको ती माणसं येतात, ज्यांना बिलाविनाच वाचवायचं असतं. हेडलाइनमध्ये आपण जे करतो ते लिहावं. जे दुसऱ्याच्या हातात आहे, त्याची हमी देऊ नये.

मध्येच त्यांनी विचारलं, “मी सीए इंटर पास आहे. ते सुरुवातीला टाकू का? वजन पडेल.” वजन पडतं, पण चुकीचं. घाईत वाचणाऱ्याला ‘सीए’ तेवढंच दिसतं. हे बिरुद १९४९च्या कायद्यानुसार इन्स्टिट्यूटच्या सभासदांनाच लावता येतं. सभासद नसताना तसं भासवलं तर तो गुन्हा आहे. शिवाय असा क्लायंट पुढे ऑडिटची सही मागतो आणि मग तोंड लपवायची वेळ येते. सीए इंटर खाली शिक्षणाच्या रकान्यात राहू दे. (तुम्ही स्वतः प्रॅक्टिस करणारे सीए असाल तर उलटी अडचण. काम मागणं आणि जाहिरात करणं यावर इन्स्टिट्यूटचे निर्बंध आहेत. ते वाचल्याशिवाय पुढचं काही उचलू नका.)

तिसऱ्या बैठकीत जे ठरलं ते असं. त्या भागातले लिंक्डइनवर असलेले मालक इंग्रजीतच वाचतात-शोधतात, म्हणून इंग्रजी:

Accountant for Nashik machine shops | I follow up with suppliers before the 11th so your GST credit isn't stuck | Monthly books, GST, TDS

स्पेस धरून १३७ अक्षरं. लिंक्डइन २२० पर्यंत देतं, पण भरायलाच हवीत असं नाही. ‘फ्रीलान्स’ काढलं, कारण एका मालकाने त्यांना सरळ विचारलं होतं, “म्हणजे नोकरी लागेपर्यंत का?” ‘अकाउंटंट’ अगदी सुरुवातीला, कारण तुम्ही कुणाच्या पोस्टवर कमेंट केली की नावाखाली हेडलाइनचे सुरुवातीचे शब्दच दिसतात, बाकीचे कापले जातात. ‘नाशिक’वरून आमचा थोडा वाद झाला. त्या म्हणाल्या, लोकेशनमध्ये आहेच की. पण कमेंटखाली लोकेशन दिसत नाही, म्हणून ते ठेवलं. ‘मशीन शॉप्स’ लिहायला त्या फार घाबरत होत्या. “मग किराणावाला येणारच नाही ना?” दोन वर्षांत किराणावाला आला होता का, असं मी विचारलं. नव्हता आला.

‘अडकलेलं’ हा मालकांचा शब्द ‘स्टक’ होऊन गेला. आणि अकरा तारीख. ज्याचं क्रेडिट कधी अडकलेलं नाही त्याला ती कळणार नाही. ज्याचं अडकलंय तो मात्र तिथेच थांबेल. टीडीएस, बुक्स शेवटी ठेवलं, कारण ते विचारणाऱ्याला हवं असतं, पण त्यासाठी कुणी फोन उचलत नाही.

लावण्याआधी एक तपासणी केली, ती तुम्हीही करा. ताईंनी हेडलाइन त्यांच्या एका क्लायंटला वाचायला दिली आणि एवढंच विचारलं, “ही बाई काय करते?” तो म्हणाला, “सप्लायरच्या मागे लागते, आपले पैसे अडकू नयेत म्हणून.” तो ‘अकाउंट्स वगैरे बघते’ म्हणाला असता तर आम्ही पुन्हा बसलो असतो. माझ्यासारख्याला किंवा दुसऱ्या अकाउंटंटला दाखवून काही कळत नाही, आम्हाला सगळंच समजतं.

आता अपेक्षा किती ठेवावी तेही सांगतो. वर्कशॉपचे बरेच मालक लिंक्डइनवर नाहीतच. जे आहेत ते मुख्यतः दुसऱ्या पिढीतले, आणि मोठ्या कंपन्यांचे खरेदीवाले. हेडलाइन वाचून अनोळखी माणूस थेट काम देतो असं क्वचितच घडतं. जास्त वेळा घडतं ते असं: कुणीतरी नाव सुचवतो, ऐकणारा फोनवर ते नाव टाकतो, आणि फोटोखालची ती एक ओळ वाचून फोन करायचा की नाही ते ठरवतो. ताईंना पहिल्या दोन महिन्यांत तीन विचारणा आल्या. एक मुंबईहून, ती सोडून दिली. एका सीए फर्मला बाहेरून काम करून देणारं कुणी हवं होतं, ते दर ऐकून मागे हटले. तिसरा सातपूरचा. त्याचा पहिला मेसेज होता, “आमचा एक सप्लायर तीन महिने झाले रिटर्न भरत नाही. तुम्ही बोलाल का त्याच्याशी?” टॅली येतं का, पगार किती, काही नाही. विचारणा अशी नेमक्या अडचणीची यायला लागली की समजायचं, ओळ बरोबर बसली.

तुमच्या बाबतीत अकरा तारीख असेलच असं नाही. तुमचे क्लायंट ऑनलाइन विक्रेते असतील तर त्यांचं दुखणं वेगळं, डॉक्टर असतील तर आणखी वेगळं. म्हणून ताईंची ओळ उचलून नाव बदलू नका. आधी गेल्या महिन्याची डायरी आणि क्लायंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज घेऊन बसा. एकही क्लायंट नसेल तर नोकरीत असताना मालक तुम्हाला कशासाठी हाका मारायचा ते आठवा. तेवढं लिहून मला पाठवा.

परवा त्या ताईंना एक गोष्ट विचारायला फोन केला. उचलला नाही. तारीख बघितली, नऊ होती.